१०.३७ किलो दुधाचे लिटर किती? रिक्वायरमेंट गोळा करण्यापासून ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्सपर्यंत

गावातल्या दूध संस्थेत काट्यावर १०.३७ किलो गाईचं दूध आलं. पैसे मात्र लिटरवर द्यायचे आहेत. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणून भागाकार केला की १०.०६८ लिटर येतात. सभासदाच्या खात्यावर किती लिहायचे? १०.०, १०.०६, १०.०७ की १०.१?

प्रोग्रामरला विचारलं तर तो क्षणात एक उत्तर निवडेल आणि पुढे जाईल. ते उत्तर चुकलं तर सहा महिन्यांनी सर्वसाधारण सभेत आवाज चढतात आणि "हे कोणी ठरवलं?" या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघतात. या लेखात हा एकच आकडा धरून चालू. तो मुलाखतीत कसा सापडतो, बैठकीत कसा ठरतो, प्रोटोटाइपमध्ये त्याच्या शेजारची कोणती भलतीच गोष्ट बाहेर येते, आणि शेवटी ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्सच्या, म्हणजे प्रत्येक गरज कुठून आली, कशात उतरली आणि कोणत्या चाचणीने तपासली हे दाखवणाऱ्या तक्त्याच्या, एका ओळीतून तो पावतीपर्यंत कसा पोचतो, ते बघू.

उदाहरणासाठी संस्था अशी धरू. २४० सभासद, सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल. बिलातून पशुखाद्य आणि उचल कापली जाते. आजवर सगळं रजिस्टरवर चाललंय. आता काटा, दुधातलं फॅट आणि एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक मोजणारं मशीन आणि पावतीचा प्रिंटर संगणकाला जोडायचा आहे. "सॉफ्टवेअर पाहिजे" एवढंच सांगून चेअरमन मोकळे झालेत.

आधी बघा, मग विचारा

पहिली मुलाखत ठरवण्याआधी एक सकाळ संकलन केंद्रावर घालवा. पावणेसहाला जा, कोपऱ्यात उभे राहा, वही-पेन घ्या आणि कोणाला काही विचारू नका. बघायचं ते हे: माणूस कॅन घेऊन आल्यापासून रिकामा कॅन घेऊन निघेपर्यंत कोण कोण त्या दुधाला हात लावतं, कुठे लिहिलं जातं, आणि रांग कुठे अडते. सहा ते आठ या दोन तासांत २४० जण येत असतील तर माणशी ३० सेकंद मिळतात. हा ३०चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे फार कामाला येतो.

मुलाखती दुपारी घ्या, काम उरकल्यावर. प्रत्येकाशी वेगळं बसा, चाळीस मिनिटं पुरतात. सचिव, माप घेणारा मुलगा, टेस्टिंग करणारा, पाच-सहा म्हशी-गाईंचा मोठा सभासद, दोन लिटर घालणारी एखादी ताई, दूध उचलणाऱ्या संघाचा रूट सुपरवायझर आणि हिशेब तपासणारा माणूस. शेवटचे दोघं यादीतून हमखास राहतात, कारण ते रोज केंद्रावर दिसत नाहीत. पण दरपत्रक एकाकडून येतं आणि चूक दुसरा काढतो.

"तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये काय काय पाहिजे?" हा प्रश्न विचारू नका. उत्तर म्हणून शेजारच्या गावात पाहिलेल्या स्क्रीनचं वर्णन मिळतं. "पावती छापून मिळाली तर बरं होईल ना?" हाही नको. त्याला कोणी नाही म्हणत नाही, त्यामुळे कळत काहीच नाही. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचारा. मागच्या महिन्यात बिल घेऊन परत कोण आलं होतं? तो कागद काढता का? काल वीज गेली तेव्हा काय केलंत? सुट्टीवर गेलात तर तुमच्या जागी कोण बसतं आणि त्याचं काय चुकतं?

कागद मागण्याचा फायदा लगेच दिसतो. परत आलेलं एक जुनं बिल समोर ठेवलं की सचिव आपणहून सांगायला लागतात: उचल दोनदा कापली गेली होती, कारण एक नोंद रजिस्टरात होती आणि एक त्यांच्या खिशातल्या डायरीत. खिशातल्या डायरीची माहिती कुठल्याही प्रश्नावलीतून मिळाली नसती.

आता आपल्या आकड्याकडे येऊ. तीन मुलाखतींच्या टिपणांत ही तीन वाक्यं आहेत.

सचिव: "पॉइंटच्या पुढचं एकच घर धरतो आम्ही. उरलेलं सोडून देतो."

सभासद: "घरी मोजून आणलेलं दूध इथं आलं की पावशेर कमी भरतं."

माप घेणारा: "गर्दीत दुसरं घर कोण बघत बसतंय?"

ही वाक्यं बोलली तशीच लिहा. "गोलाई धोरणाबाबत संदिग्धता" असं सभ्य भाषांतर केलंत तर पावशेरचा राग निघून जातो आणि बैठकीत मांडायला काही उरत नाही. प्रत्येक टिपणाला क्रमांक द्या: `I-02`, `I-05`, `I-06`. टिपण त्याच दिवशी नीट उतरवा आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला वाचून दाखवा. "असं नाही म्हणालो मी" हे वाक्य तेव्हा ऐकलं तर फुकटात सुटतं.

लक्षात घ्या, अजून रिक्वायरमेंट एकही लिहिलेली नाही. तिघं एकाच गोष्टीबद्दल तीन गोष्टी सांगताहेत. इथे आपल्या मनाने निवाडा करून `R-07` लिहून टाकायचा मोह होतो. करू नका. हे वादाच्या यादीत टाका आणि ती यादी घेऊन बैठकीला जा.

बैठक फक्त वादाच्या मुद्द्यांवर

कार्यशाळा म्हणजे सगळ्यांना एकत्र बसवून रिक्वायरमेंट "काढणं" अशी समजूत आहे. दहा माणसं, चार तास, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, आणि शेवटी चहा. जे मुलाखतीत सरळ कळलं ते पुन्हा दहा जणांसमोर विचारण्यात वेळ जातो. बैठकीला फक्त ते मुद्दे न्या ज्यांवर दोन माणसांनी दोन उत्तरं दिलीत. आपल्या संस्थेत असे पाच-सहा निघतील. दोन तास पुरेत.

दोन तयाऱ्या मात्र करून जा. पहिली, निर्णय कोणाचा हे आधी ठरवून घ्या. लिटरचं माप हा पैशाचा प्रश्न आहे, म्हणजे तो संचालक मंडळाचा. सचिवांचाही नाही आणि आपला तर नाहीच. दुसरी, वादाचं रूपांतर हिशेबात करून न्या.

आपला हिशेब असा. पॉइंटनंतरचं एक घर ठेवून बाकी सोडलं तर दर मापामागे सरासरी ०.०५ लिटर सुटतं. २४० सभासद, दिवसाला दोन मापं, म्हणजे ४८० मापं. ४८० गुणिले ०.०५ म्हणजे दिवसाला २४ लिटर, बिलाच्या दहा दिवसांत २४० लिटर. फळ्यावर हा गुणाकार मांडला की खोलीत थोडा वेळ कोणी बोलत नाही.

इथे सचिवांना चोर ठरवायची घाई करू नका. त्यांची बाजू अशी असते: टेस्टिंगला दूध जातं, कॅनला लागून राहतं, थोडं सांडतं, आणि संघाच्या टँकरला मोजून देताना घट येते. ती भरून कुठून काढायची? सोडलेल्या दशांशातून ती आजवर गुपचूप भरली जात होती. म्हणजे एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न होते, सभासदाचं माप आणि संस्थेची घट. ते वेगळे केले की भांडण निम्मं होतं.

चेअरमन खोलीत असले की बाकीचे मान डोलावतात. म्हणून मत बोलून घेण्याआधी चिठ्ठीवर लिहून घ्या आणि नाव न घेता वाचा. ठराव झाला तो असा: लिटर दोन दशांश स्थळांपर्यंत धरायचे, तिसरा आकडा ५ किंवा जास्त असेल तर वर न्यायचं, घट वेगळ्या नोंदीत दाखवायची. १०.३७ किलोचे १०.०७ लिटर. ठराव, तारीख, ठरवणारे कोण, एवढं `W-1` म्हणून नोंदवा.

आता रिक्वायरमेंट लिहायची. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि ती खरी की खोटी हे कोणालाही तपासता आलं पाहिजे. "माप अचूक असावं" ही इच्छा झाली. "लिटर = किलो ÷ १.०३, दोन दशांश स्थळांपर्यंत, तिसरा आकडा ५ किंवा जास्त असल्यास वर" ही रिक्वायरमेंट. ओळीच्या मध्ये "आणि" आला की थांबा. बहुतेक वेळा त्या दोन रिक्वायरमेंट असतात आणि चाचणीत एक पास होते, एक नापास.

प्रोटोटाइप: माणसं जे सांगत नाहीत ते

प्रोटोटाइपला मराठीत नमुना म्हणता येईल, पण दूध संस्थेत नमुना म्हणजे बाटलीतलं दूध. तो गोंधळ नको म्हणून प्रोटोटाइपच म्हणू.

पहिला प्रोटोटाइप कागदाचा करा. स्क्रीनच्या जागी ए-फोर कागद, पावतीच्या जागी ५८ मिलिमीटर रुंदीची कापलेली पट्टी, कारण लहान थर्मल प्रिंटरचा कागद तेवढाच असतो. आकडे मनाने घालू नका, कालच्या रजिस्टरातल्या पहिल्या वीस ओळी घ्या. मग माप घेणाऱ्याला आणि टेस्टरला बसवा आणि एवढंच सांगा: "हे वीस जण आलेत, दूध घ्या." त्यानंतर तोंड बंद. "इथे दाब" असं म्हणालात की प्रयोग संपला.

आपल्या प्रोटोटाइपमध्ये क्रम सरळ होता. सभासदाचा नंबर टाका, वजन येईल, फॅट आणि एसएनएफ येईल, रक्कम येईल, पावती निघेल. मुलाखतीत सगळ्यांनी हाच क्रम सांगितला होता. तिसऱ्या माणसालाच गाडी अडली. मशीनला एका नमुन्याला साधारण अर्धं ते एक मिनिट लागतं आणि रांगेत माणशी ३० सेकंद आहेत. प्रत्यक्षात टेस्टरपुढे बाटल्या साठतात; एकाचं वजन होत असतं तेव्हा फॅट दोन-तीन जण आधी आलेल्या माणसाचं चाललेलं असतं. टेस्टर कोणती बाटली कोणाची हे टेबलावरच्या जागेवरून ओळखतो. हे कोणी लपवलं नव्हतं. रोज हाताने होतं ते सांगण्यासारखं आहे असं कोणाला वाटतच नाही.

स्क्रीन तसाच बांधला असता तर पहिल्या सकाळी एकाचं फॅट दुसऱ्याच्या खात्यावर पडलं असतं. प्रोटोटाइपमधून निघालेली रिक्वायरमेंट: वजन आणि टेस्टिंगची जोडी बाटलीच्या नंबरने लावावी. तिचा उगम `P-1`. तिच्यासाठी सॉफ्टवेअर तर लागेलच, पण नंबर घातलेल्या बाटल्याही लागतील. हे विसरू नका, पुढे मॅट्रिक्समध्ये येतंय.

पावतीची पट्टी सभासदांच्या हातात द्या आणि विचारा, "आज किती पैसे झाले?" उत्तर द्यायला ज्येष्ठ माणसाला चष्मा शोधावा लागला तर रकमेचा आकडा मोठा करा. कागदावर हा बदल पेनाने होतो.

प्रोटोटाइपची मर्यादाही सांगतो. वेग, वीज जाणं, काट्याची वायर सुटणं यातलं काहीच तो दाखवत नाही. आणि संगणकावर थोडा देखणा प्रोटोटाइप केलात की चेअरमन म्हणतात, "झालंच की! सोमवारपासून सुरू करू." म्हणून तो मुद्दाम थोडा ओबडधोबड ठेवा.

मॅट्रिक्स: एक ओळ, उगमापासून चाचणीपर्यंत

मॅट्रिक्स प्रकल्पाच्या शेवटी ऑडिटसाठी भरायची चीज नाही. पहिली रिक्वायरमेंट लिहिली त्या दिवशी पहिली ओळ पडली पाहिजे. एवढ्या कामात पन्नास-साठ ओळी होतात, त्याला साधी स्प्रेडशीट पुरते. पाच ओळी बघा:

| क्र. | रिक्वायरमेंट | उगम | कशात उतरली | चाचणी |
|---|---|---|---|---|
| R-07 | लिटर = किलो ÷ १.०३, दोन दशांश, तिसरा ५ वा जास्त तर वर | I-02, I-05, I-06, W-1 | D-02 माप मॉड्यूल, D-05 पावती | T-14 |
| R-12 | वजन-टेस्टिंग जोडी बाटलीच्या नंबरने | P-1 | D-02 माप मॉड्यूल, D-03 नंबरच्या बाटल्या | T-19 |
| R-15 | घट वेगळ्या नोंदीत | W-1 | D-06 बिल व अहवाल | T-22 |
| R-21 | सुरू करतानाच जुनी उचल बाकी खात्यावर असावी | I-02 | | |
| R-26 | दर तारीख आणि सकाळ/संध्याकाळ यानुसार लागू | I-07 | D-04 दरपत्रक, D-06 बिल व अहवाल | T-31 |

क्रमांक `R-7` असा न लिहिता `R-07` असा लिहा. एकदा दिलेला क्रमांक रिक्वायरमेंट रद्द झाली तरी दुसऱ्या कशाला देऊ नका. आणि वरचा तक्ता वाचायला सोयीचा असला तरी एका खान्यात दोन क्रमांक कोंबले की मोजदाद अवघड होते. म्हणून मागे `Links` नावाची वेगळी शीट ठेवा, तिच्यात एका ओळीत एकच जोडी: A स्तंभात रिक्वायरमेंट, B मध्ये ती जिथे उतरली ते किंवा चाचणी. मग मुख्य शीटवर प्रत्येक ओळीपुढे हे सूत्र:

```
=COUNTIFS(Links!$A$2:$A$500,A2,Links!$B$2:$B$500,"T-*")
```

उत्तर शून्य आलं तर त्या रिक्वायरमेंटला चाचणीच नाही. `"T-*"` च्या जागी `"D-*"` टाकलं की ती कशातही उतरलेली नाही का ते कळतं.

`R-21` ला दोन्हीकडे शून्य येतंय. सचिवांच्या डायरीतली उचल नव्या संगणकात कोण, कधी चढवणार, हे कोणाच्याच कामात नव्हतं, कारण ती स्क्रीन नाही. जुन्या बाकीची यादी तयार करणं, ती सभासदांच्या सहीने पक्की करणं आणि आयात करणं हे स्वतंत्र काम आहे. त्याला `D-08` देऊन माणूस आणि तारीख लावा. रिकामा खाना शोधण्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. घाईघाईत "सॉफ्टवेअर" असं लिहून तो भरला की मॅट्रिक्स आंधळी झाली.

आता उलट दिशेने वाचा. `D-02`, `D-03` करत प्रत्येक गोष्ट `Links` मध्ये आहे का ते बघा. एखादी नसेल, उदाहरणार्थ प्रोग्रामरने हौसेने केलेला रंगीत आलेख, तर दोनच शक्यता. कोणीतरी सांगितलेली गरज टिपायची राहिली, किंवा कोणी मागितलेलंच नव्हतं. विचारून घ्या. मागितलेलं नसेल तर काढून टाका. नाहीतर पुढे दरवेळी तेही तपासत बसावं लागतं.

सगळे खाने हिरवे, तरी चूक

मॅट्रिक्स फक्त दुवा आहे एवढं सांगते. दुवा बरोबर आहे की नाही ते सांगत नाही. माझ्या एका कामात `R-07` सारख्याच ओळीवर मी फसलो आहे. चाचणी होती, पास होती, खाना हिरवा होता. चाचणीत वजन घेतलं होतं १०.३० किलो. त्याला १.०३ ने भागलं की बरोबर १०.०० येतात. एक घर ठेवा, दोन ठेवा, वर न्या, सोडून द्या, उत्तर तेच. चुकीचा प्रोग्रामही त्यात आरामात पास होतो, आणि झाला होता. प्रोग्राम तिसरा आकडा सरळ सोडून देत होता.

म्हणून चाचणीच्या खान्यात नुसता `T-14` बघून पुढे जाऊ नका. ती उघडा आणि विचारा: प्रोग्राम चुकीचा असता तर ही चाचणी नापास झाली असती का? १०.३७ घेतलं की १०.०, १०.०६, १०.०७ आणि १०.१ ही चार वेगळी उत्तरं वेगळी दिसतात, आणि त्यातलं १०.०७ हे एकच पास होतं. नमुन्याचा आकडा बैठकीत फळ्यावर होता तोच चाचणीत वापरणं हा सगळ्यात सोपा उपाय.

बदल आला की ओळ धरून चाला

बदल येणारच. समजा काम अर्ध्यावर असताना संघाचं पत्र आलं: गाईच्या दुधाचा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा मूळ दर बदलला, लागू मंगळवार संध्याकाळपासून. बिलाचे दहा दिवस मात्र शुक्रवारी संपतात. सचिव फोनवर म्हणतात, "दरच तर बदलायचाय, पाच मिनिटांचं काम."

`R-26` ची ओळ काढा. दर तारीख आणि वेळेनुसार लागू होतो हे रूट सुपरवायझरने `I-07` मध्ये सांगितलं होतं, म्हणजे रिक्वायरमेंट तीच आहे, नवी नाही. ती `D-04` आणि `D-06` मध्ये उतरली आहे. `D-04` मध्ये नवा दर भरला की झालं. पण `D-06` उघडल्यावर दिसतं, बिलावर दहा दिवसांसाठी दराचा एकच रकाना आहे. आता एकाच बिलात दोन दर येणार. `T-31` उघडली तर तिच्यात दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी बदलतो असं धरलंय, म्हणजे ही अडचण तिने कधी पकडलीच नसती. आणि पावतीवरही दर छापला जातो, पण `D-05` या ओळीत जोडलेलीच नाही. तो दुवा आज `Links` मध्ये घाला.

आता सचिवांना उत्तर देता येतं: दर भरायला पाच मिनिटं, बिलाचा रकाना बदलायला दोन दिवस, चाचणी नव्याने लिहायला अर्धा दिवस. शुक्रवारच्या आत जमत नसेल तर या वेळचं बिल दोन भागांत काढायचं, मंगळवार सकाळपर्यंतचं एक आणि संध्याकाळपासूनचं दुसरं. कोणतं करायचं ते संचालक मंडळ ठरवेल. त्यांचा निर्णय आला की `R-26` च्या उगमात `W-2` जोडा, तारखेसकट.